सात चौकोनांतले पाच

“मॅडम, कपॅसिटर बदलून द्या ना, हा गेलाय.”

पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला फिल्टरचं प्रॅक्टिकल सुरू झालं की हे वाक्य कुठल्या तरी टेबलावरून येतंच. प्रयोग साधा असतो. ब्रेडबोर्डवर १० किलोओहमचा एक रेझिस्टर, त्याच्या पुढे ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि कपॅसिटरचं दुसरं टोक ग्राउंडला. फंक्शन जनरेटरमधून साइन वेव्ह द्यायची आणि कपॅसिटरवर किती मिळते ते सीआरओच्या पडद्यावर मोजायचं. कमी वारंवारतेची लहर जवळजवळ जशीच्या तशी पलीकडे पोचते. जास्त वारंवारतेची लहर वाटेतच बारीक होत जाते. म्हणून हा लो-पास फिल्टर. त्याची कट-ऑफ वारंवारता काढायचं सूत्र फळ्यावर लिहिलेलं असतं:

f = 1/(2πRC)

आकडे घातले की १५९२ हर्ट्झ येतात. मुलांच्या जर्नलमध्ये मात्र २७५० लिहिलेलं असतं, आणि खापर फुटतं ते कपॅसिटरवर.

२७५० ला १५९२ ने भागलं की १.७३ येतात. तीनचं वर्गमूळही तेवढंच. हे गुणोत्तर दिसलं की मी कपॅसिटरला हात लावत नाही, रीडिंग कसं घेतलं ते विचारते. उत्तर ठरलेलं असतं: “सात डिव्हिजनची इनपुट ठेवली, आउटपुट साडेतीन झाली तिथली फ्रिक्वेन्सी लिहिली. कट-ऑफला अर्धं होतं ना?”

अर्धं होतं, हे खरं आहे. पण अर्धी होते ती शक्ती, म्हणजे पॉवर. सीआरओवर दिसतं ते व्होल्टेज. आठ ओहमच्या रेझिस्टरवर ८ व्होल्ट असतील तर त्यातून १ अँपिअर प्रवाह जातो आणि ८ वॅट खर्च होतात. व्होल्टेज अर्धं केलं, ४ व्होल्ट केलं, की प्रवाहही अर्धा होतो आणि दोन अर्ध्यांचा गुणाकार पाव. उरतात २ वॅट. शक्ती नेमकी अर्धी, ४ वॅट, हवी असेल तर व्होल्टेज तितकं उतरवून चालत नाही. अशी संख्या हवी जिचा वर्ग अर्धा येतो, आणि ती आहे ०.७०७. सात चौकोनांच्या लहरीत ते होतात ४.९५ चौकोन.

म्हणूनच जुने लॅब असिस्टंट मुलांना सात डिव्हिजनची लहर लावायला सांगतात. सातचे पाच झाले की थांब आणि वारंवारता लिही. पाच सप्तमांश म्हणजे ०.७१४, ०.७०७ च्या अगदी शेजारी. त्यामुळे वारंवारतेत दोनेक टक्क्यांची चूक राहते, आणि प्रयोगशाळेतल्या सुट्या भागांच्या मानाने ती काहीच नाही. मात्र सातच का आणि पाचच का, हे फार थोड्या जणांना सांगितलं जातं. ओरलला मुलं “माइनस थ्री डीबी” असं तोंडपाठ उत्तर देतात. त्यातले ३ कुठून आले असं विचारलं की गप्प होतात. वाईट वाटतं ते याचं, कारण उत्तर शाळेतल्या गणितात बसण्याइतकं सोपं आहे.

दोनाला दोनाने दहा वेळा गुणा, असं नको; एकापासून सुरुवात करून दहा वेळा दुप्पट करा. दोन, चार, आठ, सोळा असं करत १०२४ वर पोचाल, म्हणजे हजाराच्या अगदी जवळ. डेसिबलची मोजणी अशी आहे की शक्ती दहापट झाली की १० डेसिबल, शंभरपट झाली की २०, हजारपट झाली की ३०. प्रत्येक दहापटीला दहा मिळवायचे. आता दहा दुपटींनी मिळून जर हजारपट, म्हणजे ३० डेसिबल होत असतील, तर एका दुपटीच्या वाट्याला ३ येणार. अर्धं करणं ही दुपटीची उलटी पायरी, म्हणून उणे ३. हजारावर चोवीस जास्त आहेत त्यांचा हिशेब लॉगरिदमच्या तक्त्यातून चुकता होतो. दोनचा लॉग ०.३०१०३ आहे, म्हणून नेमकी संख्या ३.०१०३ डेसिबल. तिचं बोलण्यातलं रूप तेवढं तीन.

डेसिबलच्या मोजणीत गुणाकाराची बेरीज होते, आणि नेमकी तीच सोय हवी होती म्हणून हे एकक जन्माला आलं. गरज होती अमेरिकेतल्या टेलिफोन इंजिनियरांची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तारेतला तोटा तिथे मैलांत सांगत. १९ गेजची एक प्रमाण केबल ठरलेली होती. तिच्या मैलाला ८८ ओहम रोध आणि ०.०५४ मायक्रोफॅरड धारकता धरत. एखाद्या उपकरणात किती आवाज हरवतो हे सांगायचं तर “या केबलच्या इतक्या मैलांएवढा” असं म्हणत. कल्पना चांगली होती, कारण केबलचा प्रत्येक मैल आलेल्या शक्तीचा ठरावीक हिस्सा खातो. एका मैलानंतर अमुक टक्के उरले, तर दोन मैलांनंतर त्याचे तितके टक्के. हिस्स्यांचा गुणाकार होतो, मैलांची मात्र बेरीज होते.

अडचण त्या केबलच्या पोटातच होती. ८८ ओहम आणि ०.०५४ मायक्रोफॅरड: रोध आणि धारकता, म्हणजे आमच्या ब्रेडबोर्डवरचेच दोघे सोबती! ती केबल स्वतःच एक लांबलचक लो-पास फिल्टर होती. जाड आवाज तिच्यातून बऱ्यापैकी जात आणि बारीक आवाज जास्त गळत. मैलाचा तोटा वारंवारतेनुसार बदलत असेल तर मैल हे माप कसं म्हणायचं? म्हणून १९२४ च्या सुमारास बेल सिस्टिमने केबल बाजूला ठेवली आणि निव्वळ शक्तींच्या गुणोत्तरावर उभं असलेलं एकक घेतलं. दहापटीच्या पायरीचे दहा सारखे भाग, असं ते होतं. जुन्या मैलाच्या ते जवळपास होतं, त्यामुळे इंजिनियरांचा अंदाज चुकला नाही. १९२८ मध्ये त्याला ‘डेसिबल’ हे नाव मिळालं. ‘बेल’ हे टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्यावरून आणि ‘डेसि’ म्हणजे त्याचा दहावा भाग.

दुपटीचे तीन डेसिबल कसे, ते कळलं. पण फिल्टरची हद्द दाखवायला अर्ध्या शक्तीचीच खूण का? पाव का नाही, एकदशांश का नाही? मला वाटतं, या विषयातली खरी मजा इथे आहे. कारण ही खूण कुठल्याही समितीने बसून ठरवलेली नसली तरी चाललं असतं. ती सर्किटमध्ये आपोआप उमटते.

कपॅसिटरकडे टाकी म्हणून बघा. प्रवाह म्हणजे आत येणारं पाणी आणि व्होल्टेज म्हणजे पाण्याची पातळी. साइन वेव्हमध्ये पाणी कधी आत येतं, कधी बाहेर जातं. आत येण्याचा जोर सगळ्यात जास्त असतो तेव्हा पातळी सगळ्यात उंच नसते, ती अजून वाढतच असते. जोर कमी होत होत शून्यावर येतो, त्या क्षणी टाकी सगळ्यात भरलेली असते. म्हणजे पातळी प्रवाहाच्या मागून येते, बरोबर पाव फेरा मागून. रेझिस्टरचं तसं नाही. त्यावरचं व्होल्टेज प्रवाहाच्या पावलावर पाऊल टाकून चालतं. दोघांतून जाणारा प्रवाह एकच आहे, त्यामुळे रेझिस्टरवरच्या व्होल्टेजचं शिखर येतं तेव्हा कपॅसिटरवरचं व्होल्टेज शून्यातून जात असतं, आणि याचं शिखर येतं तेव्हा त्याचं शून्य असतं.

अशा दोन लहरींची बेरीज साधी होत नाही. ती काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंसारखी होते आणि एकूण व्होल्टेज हा त्या त्रिकोणाचा कर्ण. मोठी वारंवारता म्हणजे टाकी भरायला वेळ कमी. कपॅसिटरची बाजू आखूड होत जाते आणि रेझिस्टरची लांबते. वारंवारता उतरवली की उलट. या दोन टोकांच्या मध्ये कुठे तरी दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या होणारच. तिथे कपॅसिटरचा विरोध रेझिस्टरच्या रोधाइतका असतो, आणि आमचं फळ्यावरचं सूत्र याच बरोबरीतून निघतं. सारख्या बाजूंच्या काटकोन त्रिकोणात कर्ण हा बाजूच्या १.४१४ पट असतो हे आठवीच्या मुलालाही ठाऊक असतं. उलटं म्हटलं तर प्रत्येक बाजू कर्णाच्या ०.७०७ पट. तिचा वर्ग अर्धा, म्हणजे शक्ती अर्धी, म्हणजे उणे तीन डेसिबल. कट-ऑफ ही दोन भागीदारांच्या समसमान वाट्याची जागा आहे. तीन हा आकडा काटकोनातून आणि दोनच्या लॉगमधून नंतर बाहेर पडतो.

हे मुलांना मी नुसतं सांगत नाही, करायला लावते. वारंवारता कट-ऑफवर ठेवायची, इनपुट सात चौकोन. कपॅसिटरवर मोजलं की पाच. मग रेझिस्टर आणि कपॅसिटर यांची अदलाबदल करायची, कारण सीआरओच्या प्रोबची एक बाजू ग्राउंडलाच असते. रेझिस्टरवर मोजायचं तर रेझिस्टर ग्राउंडच्या बाजूला आणावा लागतो. आता रेझिस्टरवरही पाच. पाच आणि पाच मिळून सात! हे पडद्यावर दिसलं की टेबलाभोवती गर्दी होते. एका मुलीने दोनदा तारा काढून पुन्हा जोडल्या होत्या, आपलं चुकलं असं वाटून. तो आकडा खरा आहे हे पटल्यावर तिने स्वतःच वहीत त्रिकोण काढला.

सेमीलॉग पेपरवर आलेख काढला की तीच जागा वेगळ्या वाटेने पुन्हा भेटते. डावीकडे आलेख सपाट असतो. उजवीकडे तो दर दहापट वारंवारतेला २० डेसिबल अशा सरळ उतारावर लागतो. ती सपाट रेघ उजवीकडे वाढवा आणि उतारावरची रेघ पट्टीने मागे न्या. दोन्ही रेघा १५९२ हर्ट्झवरच एकमेकींना छेदतात. खरा आलेख मात्र तो कोपरा गाठत नाही, त्याच्या बरोबर तीन डेसिबल खालून वळून जातो. म्हणून या जागेला कॉर्नर फ्रिक्वेन्सी असंही नाव आहे.

‘कट-ऑफ’ हा शब्द मात्र फसवा आहे. तिथे काहीही कापलं जात नाही. सात चौकोनांची लहर आमच्या फिल्टरमधून ७९६ हर्ट्झला, म्हणजे कट-ऑफच्या निम्म्यावर, सव्वासहा चौकोन उरते. कट-ऑफला पाच. दुप्पट वारंवारतेला तीनपेक्षा थोडी जास्त आणि दहापटीला पाऊण चौकोनाहून थोडी कमी. कुठेही कडा नाही, आहे तो सावकाश उतार. कट-ऑफच्या पलीकडचं सगळं थांबलं असं समजून कोणी असा फिल्टर वापरला तर पस्तावतो. १६०० हर्ट्झची कट-ऑफ लावून तीन हजारांची कर्कश शिट्टी घालवायला गेलात तर शिट्टी जराशी मवाळ होईल, जाणार नाही.

कानालाही तिथे मोठा फरक जाणवत नाही. याचं चांगलं उदाहरण स्वस्त टू-वे स्पीकरमध्ये सापडतं. ट्वीटरच्या पाठीला डकवलेला एकच छोटा कपॅसिटर असतो. तो जाड आवाज अडवतो आणि बारीक आवाज आत सोडतो. ट्वीटर ८ ओहमचा आणि कपॅसिटर ४.७ मायक्रोफॅरडचा धरला तर हद्द येते ४२३३ हर्ट्झ. अँप्लिफायर ८ व्होल्ट देत असेल तर खूप वरच्या वारंवारतेला ट्वीटरला जवळजवळ पूर्ण ८ वॅट मिळतात. ४२३३ हर्ट्झला ४ वॅट मिळतात. हा तीन डेसिबलचा फरक कानाला कळतो खरा, पण आवाज निम्मा झाला असं मुळीच वाटत नाही. साधारण माणसाला आवाज निम्मा वाटायला दहाएक डेसिबल उतरावे लागतात, म्हणजे शक्ती दहाव्या हिश्श्यावर यावी लागते.

मग उरलेले चार वॅट गेले कुठे? कपॅसिटर तापला का? आदर्श कपॅसिटर शक्ती खर्च करत नाही; पाव फेऱ्यात घेतो आणि पुढच्या पाव फेऱ्यात परत करतो. ते चार वॅट अँप्लिफायरने मुळात दिलेच नाहीत, कारण वाटेतला एकूण विरोध वाढल्यामुळे प्रवाहच ०.७०७ अँपिअर झाला. प्रत्यक्षातला ट्वीटर सगळीकडे नेमका ८ ओहमचा नसतो. त्याच्या कॉइलमुळे आणि अनुनादामुळे तो आकडा वर-खाली होतो. त्यामुळे ४२३३ हा स्पीकरच्या बाबतीत सुरुवातीचा अंदाज समजायचा. आमच्या ब्रेडबोर्डवरच्या फिल्टरच्या आउटपुटला तर सीआरओखेरीज काहीच जोडलेलं नसतं. तिथे ‘अर्धी शक्ती’ याचा अर्थ इतकाच, की हे व्होल्टेज कुठल्याही ठरावीक रेझिस्टरला दिलं तर तो आधीच्या अर्धी शक्ती घेईल.

तीन डेसिबलची खूण सगळीकडे जशीच्या तशी लावली की मात्र घोटाळा होतो. आमच्यासारखे दोन फिल्टर एकापुढे एक ठेवले आणि एकाचा भार दुसऱ्यावर पडू नये म्हणून मध्ये ऑप-अँपचा बफर घातला, तर १५९२ हर्ट्झला प्रत्येक जण तीन डेसिबल उतरवतो आणि मिळून सहा होतात. आता जोडगोळीची स्वतःची तीन डेसिबलची जागा शोधायला खाली सरकावं लागतं, सुमारे १०२५ हर्ट्झपर्यंत. प्रोजेक्ट करणारी मुलं उतार तीव्र व्हावा म्हणून दोन फिल्टर जोडतात आणि आवाज अपेक्षेपेक्षा मंद का झाला ते त्यांना कळत नाही, त्याचं कारण हेच असतं. दोन्ही कपॅसिटर धडधाकट असतात.

आणि चांगल्या स्पीकरमध्ये कधी कधी मुद्दामच सहा डेसिबल घेतात. वूफर आणि ट्वीटर यांची हद्द जिथे जुळते तिथे तोच सूर दोघेही वाजवतात. दोघांच्या लहरी एका तालात असतील आणि प्रत्येक जण ०.७०७ देत असेल तर बेरीज १.४१४ होते, त्या सुरावर तीन डेसिबलचा उंचवटा येतो. प्रत्येकाने नेमकं अर्धं व्होल्टेज दिलं तर बेरीज एक. हीच मांडणी झिगफ्रीड लिंकविट्झ यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली आणि लिंकविट्झ-रायली क्रॉसओव्हर म्हणून ती आजही वापरात आहे. आमच्या मुलांचं ‘सातचे साडेतीन’ तिथे बरोबर ठरलं असतं.

ज्याने आपण मोजतो त्या सीआरओलाही हाच नियम लागू आहे, हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. त्याच्या कपाळावर १०० मेगाहर्ट्झ लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ १०० मेगाहर्ट्झपर्यंत सगळं बरोबर दिसेल असा नसतो. त्याचा स्वतःचा कट-ऑफ तिथे आहे. १०० मेगाहर्ट्झची सात चौकोनांची लहर तो पाचची दाखवील, आणि पाहणारा ते खरं मानेल.

त्या दिवशी कपॅसिटर बदलून मागणाऱ्या जोडीने माझ्या सांगण्यावरून पुन्हा रीडिंग घेतलं. सात चौकोनांची लहर लावली, वारंवारता वाढवताना इनपुट पुन्हा पुन्हा तपासून सातवरच ठेवली आणि पाचच्या किंचित खाली थांबली. १४५० हर्ट्झ. १५९२ पासून अजूनही शंभरावर हर्ट्झ दूर. मुलगा म्हणाला, “मॅडम, म्हणजे थोडा तरी खराब आहेच.” मी म्हटलं, सूत्र उलटं फिरवून बघ. १० किलोओहम आणि १४५० हर्ट्झ घातल्यावर कपॅसिटर ०.०११ मायक्रोफॅरडचा निघाला. छापलेल्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांनी जास्त, आणि अशा स्वस्त कपॅसिटरला तेवढी मुभा असतेच. तो मुलगा उठला, कपाटातून एलसीआर मीटर घेऊन आला आणि कपॅसिटरचे दोन पाय त्यात खुपसले. पडद्यावर ०.०१०९ आलं. त्याने जर्नलमधलं २७५० खोडलं नाही. त्याच्या शेजारी ‘साडेतीन चौकोन, पाव शक्ती’ असं लिहिलं आणि खालच्या ओळीत नवीन रीडिंग मांडलं.